प्रसंग लक्षात ठेवा, वाक्यं नकोत

‘सहकाऱ्याशी तुमचे मतभेद झाले होते, असा एखादा प्रसंग सांगा.’ मुलाखतीत हा प्रश्न आला की बरेच उमेदवार प्रसंग सांगतच नाहीत, स्वतःचा स्वभाव सांगतात. ‘मी सगळ्यांना बरोबर घेऊन चालतो, वाद झालाच तर शांतपणे ऐकून घेतो...’ समोरचा माणूस ऐकून घेतो आणि पुन्हा विचारतो, ‘हो, पण तेव्हा नेमकं काय झालं?’

त्याला स्वभावाचं वर्णन नको असतं, घडलेली गोष्ट हवी असते. या पद्धतीचं मूळ जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी काम करताना जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने ‘चांगला वैमानिक कसा असावा’ यावरची मतं बाजूला ठेवली आणि प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा केले: कोण काय करत होता, त्याने काय केलं, त्याचं काय झालं. त्यावरचा त्याचा लेख १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज मोठ्या कंपन्या मुलाखतीत परिस्थिती, कृती आणि परिणाम या क्रमाने उत्तर मागतात. ॲमेझॉनसारखी कंपनी तर उमेदवारांना तशीच तयारी करून या, असं आधीच सांगते.

क्रम सोपा आहे. अडचण येते ती तयारीत. माणूस उत्तर लिहून काढतो, आणि लिहिलेलं पाठ होतं.

पाठ केलेलं उत्तर कसं असतं ते पाहा. ‘आमच्या विभागात गुणवत्तेची समस्या निर्माण झाली असता आम्ही मूळ कारणाचे विश्लेषण केले, सर्व संबंधितांशी समन्वय साधला आणि समस्या यशस्वीरीत्या सोडवली.’ यात खोटं काही नाही, पण कळतही काही नाही. कारखाना कुठला, भाग कुठला, कोण काय म्हणालं, सांगणाऱ्याने स्वतः काय केलं, सगळं गाळलेलं. शिवाय ही लिहिण्याची भाषा आहे. ‘झाली असता’ असं घरी कुणी बोलत नाही. इंग्रजीत उत्तर देणाऱ्यांचं तर हमखास असं होतं.

आता हाच प्रसंग बोलून सांगू. समजा, एका प्रेसशॉपमधली दुसऱ्या शिफ्टची सुपरवायझर मुलाखतीला बसली आहे आणि प्रश्न मतभेदाचाच आहे.

‘गेल्या पावसाळ्यात कस्टमरकडून आमचे ब्रॅकेट परत यायला लागले. भोकाच्या कडेला बर येत होती. टूलरूमच्या सीनियरांचं म्हणणं, ऑपरेटर डाय नीट बसवत नाहीत. मला ते पटेना, कारण ऑपरेटर तोच, प्रेस तोच, आणि सोमवारचा माल चांगला निघायचा. पण मी लगेच वाद घातला नाही. प्रॉडक्शन रजिस्टरमधून रोजचे स्ट्रोक काढले आणि रिजेक्शनच्या तारखांशेजारी लिहिले. पंच दर शनिवारी ग्राइंडिंगला जायचा. ओव्हरटाइमच्या आठवड्यात शनिवार येईपर्यंत ४० हजारांवर स्ट्रोक झालेले असायचे, आणि बर त्याच आठवड्यांत होती. तो कागद मी टूलरूममध्ये जाऊन दाखवला, मीटिंगमध्ये नाही. सगळ्यांसमोर दाखवला असता तर त्यांना कमीपणा वाटला असता. त्यांनी पंच काढून बघितला, धार गेली होती. मग ठरलं, शनिवारची वाट बघायची नाही, ३० हजार स्ट्रोक झाले की ग्राइंडिंग. पुढचे दोन महिने त्या भागाची तक्रार आली नाही. ते सीनियर काही दिवस माझ्याशी जरा तुटक वागले, पण नियम आजही चालू आहे.’

हे बोलायला एक-दीड मिनिट लागतं. परिस्थिती दोन-चार वाक्यांत आटोपली आहे. सगळ्यात जास्त वेळ कृतीला दिला आहे, आणि कृतीतही केवळ काय केलं एवढंच नाही, तसंच का केलं तेही आहे. बहुतेकांचं नेमकं उलट होतं: कंपनीची माहिती, विभागाची रचना, प्रोजेक्टचा इतिहास यांतच अर्धा वेळ जातो आणि स्वतःचं काम शेवटी दोन वाक्यांत उरकतं.

‘आम्ही’चंही तसंच. मिळून केलेल्या कामाचं श्रेय एकट्याने घेऊ नये, हा आपल्याकडचा चांगला संस्कार आहे, पण मुलाखतीत त्यामुळे तुमचं काम दिसेनासं होतं. ठरलं ते सगळ्यांनी मिळून, म्हणून या बाईंनी तिथे ‘ठरलं’ म्हटलं; रजिस्टर उघडलं ते त्यांनी, म्हणून तिथे ‘मी’. एवढा फरक राखला की बढाई वाटत नाही.

मग हे पाठ न करता तोंडावर कसं आणायचं? कागदावर वाक्यं लिहायचीच नाहीत. फक्त खुणेचे शब्द लिहायचे: बर, सोमवारचा माल, स्ट्रोक रजिस्टर, टूलरूममध्ये जाऊन, ३० हजार. एवढ्यावरून गोष्ट एकदा त्या धंद्यातल्या मित्राला सांगा आणि एकदा धंद्यातलं काही न कळणाऱ्या घरच्या माणसाला. घरच्याने ‘पंच म्हणजे काय?’ विचारलं की कुठे एक वाक्य जास्त हवं ते कळतं. मुलाखत इंग्रजीत असली तरी पहिल्यांदा मराठीतच सांगा. प्रसंग डोळ्यांसमोर नीट उभा राहिला की इंग्रजी साधं आणि स्वतःचं येतं. मग फोनवर दोनदा रेकॉर्ड करून दोन्ही ऐका. तपशील तेच आणि वाक्यं वेगळी असतील तर तयारी झाली. दोन्ही वेळा शब्दन्‌शब्द तोच असेल तर ती गोष्ट दोन दिवस बाजूला ठेवा.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते. ‘३० हजारच का?’ असं पॅनलने मध्येच विचारलं, तर पाठ केलेला उमेदवार अडखळतो आणि पुन्हा पहिल्या वाक्यावर जातो. ज्याने काम केलंय तो म्हणतो, ‘बर दिसली त्या दिवसांतला सगळ्यात कमी आकडा ३३ हजारांच्या आसपास होता, म्हणून त्याच्या थोडं आधी थांबलो.’ रचलेले प्रसंगही इथेच उघडे पडतात, कारण अशा तीन-चार प्रश्नांना पुरतील इतके तपशील कुणी रचून ठेवत नाही. म्हणून दुसऱ्याचा प्रसंग आपल्या नावावर सांगू नका. पहिली नोकरी शोधणाऱ्याने कॉलेजच्या प्रोजेक्टमधली किंवा गणेशोत्सवाच्या हिशेबातली खरी अडचण सांगितली तरी चालते.

एकच प्रसंग अनेक प्रश्नांना उपयोगी पडतो, फक्त सुरुवात बदलते. मतभेद विचारला तर टूलरूमच्या सीनियरांपासून सुरू करायचं. आकड्यांवरून घेतलेला निर्णय विचारला तर रजिस्टरपासून. त्यासाठी प्रश्न पूर्ण ऐकावा लागतो. त्यानंतर दोन-चार सेकंद थांबून ‘आठवतो, सांगतो’ म्हणण्यात काही कमीपणा नाही.

मुलाखत जवळ आली असेल तर गेल्या दोन-तीन वर्षांतले असे पाच-सहा प्रसंग निवडा. त्यांत एक तरी फसलेला असू द्या, कारण तोही विचारला जातो. जुने मेल, रजिस्टर, रिपोर्ट काढून त्यांतले आकडे एकदा तपासून घ्या. आणि मग ते कुणाला तरी मोठ्याने सांगा.