पगार कोणत्या खात्यातून येतो?

इतिहास, मराठी, संस्कृत, पुरातत्त्व किंवा समाजशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्यांना महाराष्ट्रात ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये आणि अभिलेखागारे यांत नोकऱ्या असतात. मालक मात्र वेगवेगळे असतात: थेट सरकारी खाते, सरकारी अनुदानावर चालणारे महाविद्यालय किंवा वाचनालय, सार्वजनिक न्यास किंवा एखादी कंपनी. काम सगळीकडे साधारण सारखेच असते. नोंदी करायच्या, वर्गीकरण करायचे, जुने कागद आणि वस्तू जपायच्या, आलेल्या अभ्यासकाला हवे ते काढून द्यायचे. फरक पडतो तो पगाराच्या उगमात. नोकरी टिकेल की नाही, हे संस्थेच्या वयावरून किंवा नावाच्या वजनावरून कळत नाही. शंभर वर्षे जुन्या संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर माणसे काम करतात आणि एखाद्या आडगावच्या अनुदानित महाविद्यालयातला ग्रंथपाल निश्चिंतपणे निवृत्त होतो.

सरकारी पदे सर्वांत पक्की, पण मोजकी. पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य दप्तर मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे, पुण्यात पेशवे दप्तर आहे आणि कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही दप्तरखाने आहेत. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, कोल्हापूरचा टाउन हॉल, औंधचे भवानी संग्रहालय अशी संग्रहालये आहेत. वरच्या पदांच्या जाहिराती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडून येतात, खालच्या पदांच्या खात्यामार्फत. केंद्राच्या संस्थांसाठी संघ लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग आणि ‘रोजगार समाचार’ पाहावा लागतो. या जाहिराती दरवर्षी निघत नाहीत. कधी कधी पाच-सात वर्षांत एखादे पद निघते आणि तोवर वयाची मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून केवळ सरकारी जाहिरातीची वाट पाहणे ही योजना होऊ शकत नाही.

नुसत्या पदवीवर यांतले फारसे काही मिळत नाही, हेही आधी लक्षात घेतलेले बरे. ग्रंथालयासाठी ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी लागते. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचे तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी 55 टक्के गुणांनी आणि त्यावर नेट किंवा सेट. संग्रहालयासाठी संग्रहालयशास्त्र हवे. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवले जाते आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही त्याचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. अभिलेखागारासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची एक वर्षाची पदविका उपयोगी पडते. महाराष्ट्रात याच्या जोडीला मोडी यायला हवी. पेशवाईतले कागद, जुने महसुली दस्त, देवस्थानांच्या सनदा हे सगळे मोडीत आहे. इतिहासाच्या दोन सारख्याच उमेदवारांत मोडी वाचणाऱ्याचे पारडे जड होते.

आता अनुदानाकडे वळू. अनुदान हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या व्यवस्थांना लावला जातो आणि तिथेच उमेदवार फसतो. अनुदानित महाविद्यालयातल्या ग्रंथपालाचे पद शासनाने मंजूर केलेले असते. ते भरण्यासाठी शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, निवड समिती बसते आणि विद्यापीठाची मान्यता मिळाल्यावर पगार उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून निघतो. त्याच महाविद्यालयाच्या विनाअनुदानित शाखेत काम करणाऱ्या सहाय्यकाचा पगार विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येतो. दोघे एकाच टेबलावर बसतात, पण प्रवेश घटले की गदा एकावरच येते. जाहिरातीत ‘अनुदानित पद’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, ना हरकत पत्राचा क्रमांक आणि तारीख नसेल, तर पद विनाअनुदानित समजून चौकशी करावी.

सार्वजनिक वाचनालयांचे अनुदान हा निराळा मामला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना जिल्हा, तालुका व इतर अशा पातळ्यांवर अ, ब, क, ड हे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार ठरावीक परिरक्षण अनुदान येते. तामिळनाडू, केरळ आणि कर्नाटक या राज्यांत ग्रंथालयांसाठी स्थानिक करांवर उपकर आहे. गोव्याच्या कायद्याने तर मद्यावरच्या अधिभारातून ग्रंथालयांसाठी तरतूद केली आहे. तिथल्या वाचकांचे पुस्तक काही अंशी मद्यपींच्या कृपेने येते म्हणायचे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. त्यामुळे अनुदान महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. सरकार ठरवील तेव्हा वाढते आणि मधली वर्षे तसेच राहते. शिवाय इथला कर्मचारी सरकारचा नसतो, तो वाचनालय चालवणाऱ्या संस्थेचा असतो.

याचा हिशेब करून पाहता येतो. समजा, एका तालुक्याच्या वाचनालयाला वर्षाला सहा लाख रुपये अनुदान आहे, त्यातले निम्मे पगारांसाठी आहेत आणि कर्मचारी चार आहेत. महिन्याला पंचवीस हजार रुपये चौघांत वाटायचे म्हणजे माणशी सरासरी सव्वासहा हजार. हा पगार ‘टिकाऊ’ आहे, कारण अनुदान बहुधा दरवर्षी येते. पण त्यावर घर चालत नाही. टिकाऊपणा आणि पुरेसेपणा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, ते एकत्र करू नयेत. वाचनालयाकडे सभागृहाचे भाडे, गाळे किंवा मोठ्या ठेवी असतील तरच वरची भर पडते.

न्यासांच्या संस्थांत ताळेबंद वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावे लागतात. ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये असतो, उत्पन्न-खर्चाचे पत्रक परिशिष्ट नऊमध्ये. अनेक संस्था ते आपल्या वार्षिक अहवालातही छापतात. निदान तीन वर्षांची पत्रके शेजारी ठेवून पाहावीत, कारण एका वर्षात एखादी मोठी देणगी आलेली असली तर चित्र उगाच गोजिरे दिसते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक संशोधन संस्था घेऊ. तिचे हस्तलिखितांचे दालन आहे, छोटे संग्रहालय आहे आणि वर्षाचा खर्च 80 लाख रुपये आहे. कायम निधी दोन कोटींचा. सात टक्क्यांनी त्याचे व्याज 14 लाख येते. सरकारी अनुदान 12 लाख, सभागृहाचे भाडे 18 लाख, वर्गणी आणि पुस्तकविक्री 6 लाख. ही झाली 50 लाखांची नेहमीची आवक. उरलेले 30 लाख एका कंपनीने हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनसाठी दिलेले आहेत. पगाराचा एकूण खर्च 45 लाख दिसतो, पण त्यातले 15 लाख डिजिटायझेशनच्या सहा माणसांचे आहेत. म्हणजे जुन्या कर्मचाऱ्यांचे 30 लाख नेहमीच्या आवकेतून सहज निघतात आणि वीज, देखभाल, छपाई यांना 20 लाख उरतात. इथला कायम ग्रंथपाल सुरक्षित आहे. डिजिटायझेशनसाठी घेतलेला सहायक मात्र कंपनीच्या मुदतीइतकाच सुरक्षित आहे. जाहिरात दोन्ही पदांची त्याच नावाने, त्याच बोधचिन्हाखाली निघते.

कंपनीच्या पैशाला मुदत कायद्यानेच घातलेली आहे. कंपनी कायदा 2013 प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक जबाबदारीवर खर्च करायचे असतात आणि वारसा, कला व सार्वजनिक ग्रंथालये त्या यादीत बसतात. पण चालू प्रकल्पाला सुरू झालेले वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. म्हणून अशा पदाचा विचार करताना प्रकल्प कधी सुरू झाला हे विचारणे सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या वर्षी रुजू होणाऱ्याला तीन-साडेतीन वर्षे मिळू शकतात, शेवटच्या वर्षी येणाऱ्याच्या हाती वर्षही पुरते लागत नाही.

सरकारी ‘मिशन’ नावाच्या योजनांनाही हेच लागू. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन 2003 साली सुरू झाले. मधल्या काळात त्याची तरतूद इतकी आटली की 2025-26 च्या अर्थसंकल्पात ती साडेतीन कोटींवरून 60 कोटींवर नेली गेली आणि ‘ज्ञानभारतम्’ या नावाने नवी मांडणी झाली. पैसा वाढला ही हस्तलिखितांसाठी चांगली बातमी आहे, भरतीही होईल. पण जी तरतूद एका वर्षात सतरा पट वाढू शकते ती पुढे तितक्याच वेगाने घटूही शकते. केंद्राच्या स्वायत्त संस्थांबाबत अधिक भरवशाची खूण संस्कृती मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांत सापडते. तिथे अनुदान तीन शीर्षांत विभागलेले असते: 31 म्हणजे सर्वसाधारण, 35 म्हणजे भांडवली मत्ता, 36 म्हणजे वेतन. वेतनाच्या शीर्षातून पगार होणारे पद आणि सर्वसाधारण शीर्षातून बाह्यस्रोताने घेतलेला माणूस यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. भांडवली शीर्ष फुगलेले आणि वेतनाचे तिथल्या तिथे असेल, तर नवी दालने उघडतील, पण नवी पदे निघण्याची आशा कमी.

कंपन्यांच्या अभिलेखागारांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. पुण्यातले टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज किंवा विक्रोळीचे गोदरेज अर्काइव्ह्ज यांसारख्या ठिकाणी काम शिस्तीचे असते. अशा जागा थोड्या असतात आणि बहुतेक वेळा ओळखीतून, प्रशिक्षणार्थी म्हणून आधी काम केलेल्यांतून भरल्या जातात. त्यांचे भवितव्य व्यवस्थापनाच्या इच्छेवर असते आणि ती बाहेरून मोजण्याचे साधन नाही.

जाहिरातीची भाषा वाचायला शिकणे हा या शोधाचा उरलेला भाग. ‘ठोक मानधन’, ‘एकत्रित वेतन’, ‘निव्वळ तात्पुरते’, ‘अकरा महिने’, ‘प्रकल्प कालावधीपुरते’ हे शब्द असतील तर पद आकृतिबंधात नाही. वेतनश्रेणी, बिंदुनामावलीतला प्रवर्ग आणि मंजूर पदसंख्या दिलेली असेल तर ते बहुधा आकृतिबंधातले. संशय राहिला तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. सरकारी खात्याला आणि मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेला मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्या पदाचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून होतो, हे विचारता येते. मुलाखतीतही आधीच्या माणसाने पद का सोडले आणि मागच्या वर्षी पगार किती महिने उशिरा झाले, हे विचारण्यात काही गैर नाही. उत्तर टाळले गेले तरी उत्तर मिळतेच.

प्रकल्पातली जागा जाणूनबुजून घेणेही शहाणपणाचे असू शकते, विशेषतः पहिली नोकरी असताना. तेव्हा नेमणूकपत्रात पदनाम, मुदत, भविष्य निर्वाह निधी आणि निधी देणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. प्रकल्प संपताना मिळणाऱ्या अनुभव प्रमाणपत्रात किती हस्तलिखितांच्या सूची केल्या, कोणती नोंदणी प्रणाली वापरली आणि मोडीतून किती कागदांचे लिप्यंतर केले हे नमूद असावे. नुसते ‘समाधानकारक काम केले’ लिहिलेले प्रमाणपत्र पुढच्या निवड समितीसमोर फारसे चालत नाही.