ट्रक भरावा, पण कशानं?

गुजरातमधलं मोरबी हे फरशांचं गाव. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी दुकानांत तिथल्याच टाइल्स येतात. दुकानदार कारखान्याला ऑर्डर देतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. लागेल तसा माल पार्ट लोडनं मागवायचा, किंवा एकाच कारखान्याच्या सगळ्या डिझाइन्सची मागणी साठवून अख्खा ट्रक भरून आणायचा.

एक साधा हिशोब मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत. एक पेटी 25 किलोची आणि 500 रुपयांची धरू. 20 टनांच्या ट्रकचं भाडं 60,000 रुपये. त्यात 800 पेट्या येतात, म्हणजे किलोला तीन रुपये पडले. पार्ट लोडला किलोमागे पाच रुपये. शिवाय वाटेत ट्रान्सपोर्टच्या गोदामात चढउतार होते आणि तेवढी फूटतूट वाढते. फूटतूट बाजूला ठेवली, तरी भरलेल्या ट्रकमध्ये पेटीमागे 50 रुपये वाचतात.

आता दुसरी बाजू. गोदामात पडून असलेली पेटीही खर्च करते. तिच्यात अडकलेल्या पैशाचं व्याज, जागेचं भाडं, फूट आणि डिझाइन जुनं पडण्याचा धोका हे सगळं मिळून महिन्याला किमतीच्या दोन टक्के धरलं, तर दहा रुपये झाले. म्हणजे वाचलेले 50 रुपये पाच महिन्यांत संपतात.

महिन्याला 400 पेट्या विकणाऱ्या दुकानात ट्रकभर माल दोन महिने पुरतो. पहिली पेटी लगेच जाते, शेवटची दोन महिन्यांनी. सरासरी पेटी एक महिना थांबते आणि दहा रुपये खाते. इथं ट्रक भरून आणणं सरळ फायद्याचं. पण महिन्याला 80 पेट्याच खपत असतील, तर तोच ट्रक दहा महिने पुरतो. सरासरी पेटी पाच महिने पडून राहते आणि वाचलेलं भाडं गोदामातच विरघळतं. अशा दुकानदारानं पार्ट लोडच मागवावा, नाहीतर शेजारच्या व्यापाऱ्याबरोबर ट्रक वाटून घ्यावा.

ट्रक भरायचा ठरला, तरी खरी चूक पुढेच होते. गरजेच्या 700 पेट्या लिहून झाल्या, 100 पेट्यांची जागा उरली. तेवढ्यात कारखान्याचा माणूस म्हणतो, "हे डिझाइन टाकून देतो, भाडं तर तेवढंच आहे." ते खरंही असतं. पण फुकट आलेली पेटीही महिन्याला दहा रुपये खातेच. पुढच्या ट्रकनं ती आणली असती, तर तिच्या वाट्याला 75 रुपये भाडं आलं असतं. तेवढेच वाचले. म्हणजे ती साडेसात महिन्यांहून जास्त पडून राहिली, तर तोटा सुरू. आणि ती विकलीच गेली नाही, तर भाड्याची बचत सोडा, मुद्दलच गेलं.

म्हणून भरायची रीत अशी: सगळी डिझाइन्स एकाच सुमारास संपतील, असा माल मागवावा. समजा, तीन डिझाइन्स महिन्याला अनुक्रमे 200, 120 आणि 80 पेट्या खपतात. दुकानात त्यांच्या 50, 130 आणि 220 पेट्या शिल्लक आहेत. शिल्लक 400 आणि ट्रकच्या 800 मिळून 1,200 पेट्या, म्हणजे तीन महिन्यांचा माल. तेव्हा प्रत्येकाचा साठा तीन महिन्यांवर आणायचा: 600, 360 आणि 240. शिल्लक वजा केली की मागणी निघते 550, 230 आणि 20. तिसऱ्या डिझाइनच्या फक्त 20 पेट्या पाहून अनेकांचा हात थबकतो. तो थबकू देऊ नये.

ट्रक भरायची वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या डिझाइनचा साठा जेमतेम आठवडाभराचा उरलाय. तो संपला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. माल पोचायला लागणाऱ्या दिवसांपेक्षा साठा कमी होण्याआधीच ऑर्डर गेली पाहिजे, ट्रक थोडा रिकामा राहिला तरी चालेल. टाइल्समध्ये आणखी एक खोच आहे. एकाच डिझाइनच्या दोन बॅचची छटा जुळतेच असं नाही. जुन्या बॅचच्या उरलेल्या दहा पेट्या वहीत साठा म्हणून दिसतात, पण एका खोलीलाही पुरत नाहीत. शिल्लक मोजताना त्या वगळाव्यात.

शेवटी ट्रक भरला की नाही, हे वजनकाट्यावर कळतं. फरशा जड असतात, त्यामुळे हौदात बरीच जागा रिकामी दिसत असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. भाडं वाचलं की नाही, हे मात्र पुढचा ट्रक मागवायच्या दिवशी गोदामात कळतं. त्या दिवशी मागच्या ट्रकमधली जी पेटी अजून तशीच असेल, तिचं डिझाइन या खेपेच्या यादीतून आधी खोडावं.