मांजराच्या ट्रेमध्ये काय भरावं?

पावसाळ्यात खिडक्या बंद झाल्या की फ्लॅटमध्ये मांजराच्या ट्रेचा वास जाणवू लागतो. ताज्या लघवीला तो फारसा नसतो. लघवीतल्या युरियाचं जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया सुटतो, तेव्हा नाकाला झिणझिण्या येतात. म्हणून लघवी ट्रेमधून किती लवकर आणि किती पूर्ण निघते, यावर सगळं अवलंबून आहे.

यात बेंटोनाइटची वाळू सरस ठरते. कच्छ आणि राजस्थानात सापडणारी ही माती भिजली की फुगते, दाणे चिकटून घट्ट गोळा होतो आणि तो स्कूपने अख्खा उचलता येतो. थर मात्र पाच ते सात सेंटीमीटर हवा. पातळ थरात लघवी तळाशी पोचते, गोळा खरवडताना फुटतो आणि मागे राहिलेला चुराच पुढे वास मारतो. तिचा मोठा दोष म्हणजे धूळ. काळोख्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून मूठभर वाळू ओता, उडणारा धुरळा स्पष्ट दिसेल. घरात किंवा मांजराला दमा असेल तर ही वाळू नको.

टोफू म्हणजे सोयाबीनचा चोथा आणि स्टार्च यांच्या कांड्या. धूळ कमी, पण गोळा मऊ. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पिशवीला बुरशी धरते, त्यामुळे ती हवाबंद डब्यात ठेवावी.

भावाची तुलना किलोवर करू नका. चाळीस बाय पन्नास सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये पाच सेंटीमीटर थर म्हणजे दहा लीटर माल. तेवढं भरायला बेंटोनाइट साधारण नऊ किलो लागतं, टोफू त्याच्या निम्म्याच्या आसपास. टोफूचा किलोचा भाव दुप्पट असला, तरी पहिला ट्रे जवळपास तेवढ्याच पैशांत भरतो.

सिलिकाचे खडे लघवी आत शोषून घेतात, गोळा होत नाही. विष्ठा रोज काढायची, खडे ढवळायचे. क्षमता संपली की ते पिवळे पडतात आणि वास एकदम येतो; मग सगळेच बदलावे लागतात. कागदाच्या गोळ्यांना धूळ जवळपास नसते, पण वासापुढे त्या लवकर हरतात. ऑपरेशननंतर मात्र टाक्यांना कण चिकटू नयेत म्हणून त्याच योग्य.

बहुतेक मांजरांना बारीक, बिनवासाची वाळू आवडते. सुगंधी माल माणसांसाठी असतो. नवा प्रकार आणायचा तर जुना ट्रे तसाच ठेवून शेजारी दुसरा मांडा आणि आठवडाभर ती कुठे जाते ते पाहा. मांजर ट्रेच्या काठावर पाय ठेवून उभी राहत असेल, उकरत नसेल किंवा पायपुसण्यावर जात असेल, तर तिला ती वाळू पसंत नाही. पण बोका ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसून कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल, तर वाळू बदलत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, त्याला लगेच डॉक्टरकडे न्या.