एक ग्रॅम मोजताना

दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्या. पाटीखाली लोडसेल असतो. वजनाने तो किंचित वाकतो आणि त्यातून बारीकसा विद्युतदाब निघतो. लोडसेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण दहा किलोला साधारण १० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे एका ग्रॅमला फक्त एक मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा दहा लाखावा भाग! तो आकड्यात आणायला कोणता कन्व्हर्टर घ्यावा?

एक प्रकार ‘सार’, म्हणजे सक्सेसिव्ह अ‍ॅप्रॉक्सिमेशन. त्याची रीत जुन्या तागडीसारखी: आधी अर्ध्या किमतीचे माप टाकून बघायचे, जड झाले तर काढायचे, नाही तर ठेवायचे, मग पाव, मग अर्धपाव. बारा बिटांना बारा पायऱ्या, आणि काही मायक्रोसेकंदांत उत्तर. पण ५ व्होल्टचे ४०९६ भाग केले, तर एक भाग सव्वा मिलिव्होल्टच्या आसपास येतो, आणि आपले दहा किलो जेमतेम आठ भागांत संपतात. म्हणून आधी सिग्नल चारशे पट वाढवावा लागतो. तरीही एक पायरी तीन ग्रॅमची राहते. सोळा बिटांचा सार घेतला तर बारकावा पुरतो, पण अ‍ॅम्प्लिफायर तापमानाबरोबर सरकतो ते सरकणे उरतेच. शिवाय सार त्या क्षणाचाच दाब टिपतो. त्या क्षणी वायरीत विजेच्या ५० हर्ट्‌झची गुणगुण असेल, तर तीही वजनात धरली जाते.

सिग्मा-डेल्टा घाई करत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा ‘जास्त की कमी’ एवढेच विचारतो, चूक पुढच्या फेरीत मिळवत जातो आणि त्या उत्तरांतून फिल्टर एक आकडा काढतो. एचएक्स७११ ही स्वस्त चिप हेच करते. तिच्यातच १२८ पट वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो. सेकंदाला दहा आकडे या वेगात तिचा फिल्टर ५० हर्ट्‌झ जवळजवळ पुसून टाकतो. वेग वाढवून ८० केला की ही सोय जाते, आणि जवळ मोटर असेल तर शेवटचा आकडा थरथरायला लागतो. काटा थरथरत असेल तर आधी वेगाचा हा पिन तपासावा.

‘२४ बिट’ या छापील शब्दाला मात्र भुलू नये. या चिपची एक पायरी अडीच नॅनोव्होल्टपेक्षाही लहान, पण तिचा स्वतःचा गोंगाट टोकापासून टोकापर्यंत तीनशे नॅनोव्होल्टच्या वर जातो. खालचे सात बिट त्यातच बुडतात. रिकामा काटा मिनिटभर तसाच ठेवून आकडे केवढ्या पट्ट्यात हलतात ते पाहिले की खरी क्षमता कळते. इथे तो पट्टा ग्रॅमच्या तिसऱ्या भागाएवढा येतो, म्हणून एका ग्रॅमसाठी मी निःशंकपणे सिग्मा-डेल्टाच घेईन.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. दहाच्या वेगात वजन ठेवल्यावर आकडा स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात. किराणा दुकानात ते कुणाला जाणवतही नाही. पण चालत्या पट्ट्यावरून पाकिटे भराभर पुढे जात असतील, किंवा एकाच कन्व्हर्टरला आठ लोडसेल आळीपाळीने जोडायचे असतील, तर प्रत्येक बदलाला तेवढे थांबावे लागते. तिथे चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि सोळा बिटांचा सार घ्यावा, आणि २० मिलिसेकंदांत समान अंतराने घेतलेल्या नमुन्यांची सरासरी काढावी. विजेचे एक आवर्तन तेवढ्याच वेळाचे असते, त्यामुळे गुणगुण तिथेही मिटते.