ढेकर झोपेत येतात का?

मार्चअखेर जवळ आली की बँकेत काम करणाऱ्या एका बाईंचे ढेकर सुरू होतात, असं समजा. एकामागून एक, थांबता थांबत नाहीत. दुपारपर्यंत पोट तटतटतं, छातीत जळजळतं. ‘पित्त झालंय’ म्हणून त्या फसफसणारी पावडर पाण्यात घालून पितात. त्या पावडरीतूनच वायू सुटतो, ढेकर वाढतात आणि ‘बघा, किती गॅस निघतोय!’ अशी खात्री पटते.

हा वायू बहुधा पोटात तयार झालेलाच नसतो. मन धास्तावलं की नकळत हवा अन्ननलिकेत ओढली जाते आणि जठरात न पोचताच परत बाहेर पडते. थोड्या दिवसांत त्याची सवय जडते. त्यामुळे बोलताना किंवा कामात गुंतल्यावर असे ढेकर कमी होतात आणि गाढ झोपेत थांबतात. पोट फुगण्यातही दर वेळी गॅसचाच दोष नसतो. काहींच्या श्वासाचा पडदा खाली दबतो, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येतं. चिंतेमुळे अन्नमार्ग हळवा होतो, मग एरवी न जाणवणारं आम्लही जाळू लागतं. त्रास खरा असतो, पण आत जखम नसते.

अल्सर म्हणजे मात्र जखमच. तिची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि गुडघेदुखी-डोकेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल तर बेंबीच्या वर एका जागी दुखतं, जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री जाग येईल इतकं. काही खाल्लं की तात्पुरतं थांबतं. पण एवढ्यावर निदान होत नाही. वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना कधीकधी काहीच दुखत नाही आणि थेट रक्तस्रावच होतो.

बाईंना रात्री शांत झोप लागते, वजन टिकून आहे, वेदनाशामक गोळ्या नाहीत. अशा वेळी डॉक्टर बहुधा जंतूसाठी शौचाची किंवा श्वासाची तपासणी सांगतात. त्याआधी दोन आठवडे पँटोप्रॅझोलसारखी गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. ढेकरांवर खरा उपाय श्वासाचा: ओठ किंचित उघडे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे आणि पोट वर येईल असा संथ श्वास. तोंड उघडं असताना हवा ओढणं अवघड जातं. जेवणानंतर आणि ढेकरांची उबळ आली की पाच-दहा मिनिटं हे करावं.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, विनाकारण घटणारं वजन किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास यांपैकी काही असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. छातीत दाब आणि घाम असेल, तर मात्र गॅस समजून थांबू नका. आधी ईसीजी काढा.