हसणाऱ्याकडे कोण पाहतंय?

नवख्या कथेत माणसं फार हसतात. दर दुसऱ्या संवादाला ‘ती हसून म्हणाली’ लागलेलं असतं आणि ती नेमकी कशी हसली, ते वाचणाऱ्याला कळतच नाही. मराठीत हसण्याचे शब्द काही कमी नाहीत. अडचण अशी, की त्यातले काही शब्द फक्त हसणं दाखवतात, तर काही हसणाऱ्याबद्दलचं मतही सांगून टाकतात.

‘खुदकन’, ‘खळखळून’, ‘गालातल्या गालात’ यांत आवाज आहे, चेहरा आहे. ‘फिदीफिदी’मध्ये मात्र ऐकणाऱ्याचा वैतागही मिसळलेला असतो. ‘मी फिदीफिदी हसलो’ असं कुणी सहसा स्वतःबद्दल लिहीत नाही, ते याच कारणाने. ‘कुत्सित’ आणि ‘छद्मी’ तर थेट निवाडाच देतात.

समजा, दोन भावांच्या वाटणीचा प्रसंग आहे आणि कथा धाकट्याच्या नजरेतून चालली आहे. थोरला कागद पुढे सरकवतो, “कर सही,” म्हणतो आणि हसतो. इथे ‘कुत्सित हसला’ लिहिलं, तर धाकट्याला फसवणूक कळलेली आहे. मग तो मुकाट्याने सही का करतो, याचं उत्तर लेखकाला द्यावं लागेल. ‘मिशीतल्या मिशीत हसला’ म्हटलं, तर थोरल्याला कसलंसं समाधान आहे एवढं दिसतं, ते कशाचं हे झाकलेलं राहतं. ‘कसनुसं हसला’ म्हटलं की थोरल्याच्याच मनाला काहीतरी टोचतंय आणि सगळी कथा दुसरीकडे वळते. मला यातलं शेवटचं सर्वांत आवडतं, कारण त्यात दोघंही माणसं म्हणून जिवंत राहतात.

विशेषण नको असेल तर शरीराकडे जावं. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार आहेत आणि ते गाल, दात, डोळे, नाकपुड्या, खांदे यांवरून ओळखायचे आहेत. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात. अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं आणि हात बरगड्यांवर जातात. फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी 1862 साली चेहऱ्याच्या स्नायूंवर ग्रंथ लिहिला. ओठांचे कोपरे मनात आणलं की उचलता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं.

आता तोच थोरला भाऊ घ्या: ‘त्याचे ओठ फाकले, पण डोळे कागदावरच होते.’ यात निवाडा कुठेच नाही, तरी संशय उभा राहतो. मात्र अशी वर्णनं पानापानावर आली की वाचक कथा सोडून चेहरेच न्याहाळत बसतो. म्हणून खर्डा झाल्यावर प्रत्येक हसू खोडून पाहावं. प्रसंग तसाच उरला, तर ते खोडलेलंच राहू द्यावं.