केमोथेरपीत केसच का गळतात? ‘टार्गेटेड’ औषधं वेगळं काय करतात?

केमो सुरू होण्याआधी रुग्णाच्या घरचे हमखास विचारतात : गाठ स्तनात आहे, मग औषधाने केस का गळावेत आणि तोंड का यावं? औषध चुकीच्या जागी जातं का?

औषध सलाइनमधून रक्तात जातं, म्हणजे ते सगळीकडेच पोहोचतं. प्रश्न आहे तो, पोहोचल्यावर ते कोणाला मारतं हा.

केमो कर्करोग ओळखते का?

नाही. स्तनाच्या कर्करोगात दिलं जाणारं डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध घ्या. ते पेशीतल्या डीएनएमध्ये शिरतं आणि त्याचे धागे तुटतात. पेशी विभागणीच्या तयारीत असेल, तर हे नुकसान दुरुस्त करायला तिला वेळ मिळत नाही आणि ती मरते. शांत बसलेली पेशी बरेचदा वाचते. थोडक्यात, केमोला ‘कर्करोग’ दिसत नाही, भराभर विभागणारी पेशी दिसते.

अशा पेशी निरोगी शरीरातही असतात. डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढत असतात आणि त्यांच्या मुळाशी पेशी सतत तयार होत असतात. आतड्याचं अस्तर तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. हाडांच्या मज्जेत रोज अब्जावधी रक्तपेशी बनतात. भुवयांचे केस मात्र वाढीच्या अवस्थेत कमी असतात, म्हणून ते बहुधा उशिरा जातात.

त्रास कोणत्या क्रमाने होतो?

समजा, शीवला राहणाऱ्या एका बाईंना परळच्या रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी केमो मिळते आहे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तोंड येतं, जुलाब होऊ शकतात, कारण जुनं अस्तर झडलं आणि नवं तयार झालेलं नाही. सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. केस दोन-तीन आठवड्यांनी उशीवर दिसू लागतात.

यातला केसांचा त्रास डोळ्यांना दिसतो, पण जिवावर बेतू शकतो तो पांढऱ्या पेशींचा. या काळात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नसते. त्याच रात्री रुग्णालय गाठावं लागतं.

दोन डोसमधलं अंतर याचसाठी असतं. मुळाशी वाचलेल्या पेशी त्या काळात अस्तर आणि रक्त पुन्हा भरून काढतात. केसही उपचारानंतर बहुतेकांना परत येतात.

केस वाचवता येतात का?

काही प्रमाणात. सलाइन चालू असताना डोक्यावर थंड टोपी घातली, की टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि केसांच्या मुळांपर्यंत औषध कमी पोहोचतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. टोपी वापरणाऱ्या निम्म्याहून अधिक जणींचे केस बऱ्याच अंशी टिकले. न वापरणाऱ्यांत कुणाचेच टिकले नाहीत. रक्ताच्या कर्करोगात मात्र ही टोपी वापरत नाहीत, कारण तिथे टाळूपर्यंतही औषध पोहोचायलाच हवं.

टार्गेटेड औषध काय पाहतं?

ते विभागणीचा वेग पाहत नाही, बिघडलेला भाग शोधतं. ‘सीएमएल’ या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून एक नवंच प्रथिन तयार होतं, जे पेशीला ‘विभागत राहा’ असा हुकूम अखंड देत राहतं. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली इमॅटिनिब ही गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत बसून हुकूम थांबवते. केसांच्या मुळाशी ते प्रथिन नसतंच, त्यामुळे केस सहसा टिकतात. काही मिळत्याजुळत्या प्रथिनांनाही गोळीचा धक्का बसतो, म्हणून डोळ्यांभोवती सूज किंवा पेटके येतात.

म्हणजे दुष्परिणाम नाहीत?

आहेत, पण वेगळे. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ‘ईजीएफआर’ हे प्रथिन बिघडलेलं असतं. ते रोखणाऱ्या जेफिटिनिबसारख्या गोळ्यांनी केस बहुधा टिकतात, पण चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ येतं आणि जुलाब होतात. कारण हेच प्रथिन निरोगी त्वचेला आणि आतड्यालाही लागतं. निशाणा फक्त गाठीत असेल तर त्रास कमी, इतरत्रही असेल तर तिथे त्रास.

शिवाय गाठीतल्या काही पेशी पुढे आणखी बदलतात, गोळीला दाद देत नाहीत आणि औषध बदलावं लागतं. आणि तो बिघाड गाठीत मुळात नसेल, तर गोळीचा काहीच उपयोग नाही. म्हणून ‘आम्हाला केमो नको, गोळी द्या’ असं म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा : तपासणीत गोळीने रोखता येईल असा बिघाड सापडला आहे का?